पैसे घेऊन केलेल्या रीलवर काय लिहायचं, कुठे लिहायचं

मराठीत रील करणाऱ्या क्रिएटरला पहिलं पेड काम मिळालं की लायटिंग आणि स्क्रिप्टच्या आधी एक प्रश्न पडतो: हे पैसे घेऊन केलंय हे सांगायचं कसं? बरेच जण दुसऱ्या कुणाचं तरी बघून कॅप्शनच्या शेवटी हॅशटॅगच्या रांगेत #collab टाकतात आणि विषय संपवतात. मी क्रिएटरांच्या स्क्रिप्ट आणि कॅप्शन तपासण्याचं काम करते. अशा रीलखाली दोन दिवसांत येणारी ‘ताई, प्रमोशन आहे ना हे?’ ही कमेंट मला नेहमी दिसते. पैसे घेतले हे प्रेक्षक बहुधा चालवून घेतात. ते त्यांना नंतर, दुसऱ्या कुणाकडून कळलं तर मात्र तुमच्या मागच्या सगळ्या रील ते संशयाने बघू लागतात. त्यामुळे ही एक ओळ नीट लिहायला शिकणं गरजेचं आहे.

सगळं एकाच उदाहरणावर बघू. समजा, सांगलीत राहणारी एक क्रिएटर घरगुती स्वयंपाकाच्या रील करते. एका कंपनीने तिला 750 वॉटचा मिक्सर पाठवला, त्याची बाजारातली किंमत साधारण 5,500 रुपये. शिवाय एका रीलचे 8,000 रुपये देऊ केले. रील 75 सेकंदांची, विषय शेंगदाण्याची चटणी आणि कांदा-लसूण मसाला. कंपनीच्या माणसाने फोनवर सांगितलं, ‘लेबल नको ना ताई, रीच पडतो. नॅचरल वाटू द्या.’

आधी ठरवा: ही जाहिरात आहे का?

भारतात याची कसोटी सोपी आहे. तुमच्यात आणि विकणाऱ्यात असा काही संबंध आहे का, जो कळला तर तुमच्या बोलण्याकडे बघण्याची प्रेक्षकाची नजर बदलेल? रोख पैसे हा असा संबंध आहेच. फुकट वस्तू, फुकट मुक्काम, मोठी सवलत, लिंकवरून झालेल्या विक्रीतलं कमिशन, कंपनीतली नोकरी, मालकाशी नातं, हेही त्यातच येतं. वस्तू तुम्ही मागितली नव्हती, कुरियरने आपोआप आली, बदल्यात काही करायचं ठरलं नव्हतं, तरीही ती दाखवलीत तर सांगावं लागतं. जाहिरात क्षेत्राची स्वनियमन संस्था एएससीआय हिने मे 2021 मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी नियम काढले आणि त्याच वर्षी 14 जूनपासून ते लागू केले. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी 2023 मध्ये स्वतःची मार्गदर्शिका काढली. दोन्हींचा गाभा हाच आहे.

नव्या क्रिएटरांचा सर्वांत जास्त गोंधळ बार्टरमध्ये होतो. ‘पैसे कुठे घेतले, फक्त मिक्सर मिळाला,’ असं त्या मनापासून म्हणतात. पण आयकर खातंही फुकट ठेवून घेतलेल्या वस्तूला फायदाच मानतं. परत केली तर मानत नाही. घरात राहिलेल्या 5,500 रुपयांच्या मिक्सरला प्रेक्षक वेगळा न्याय का लावतील?

उलट बाजूही लक्षात ठेवा. वस्तू तुम्ही दुकानातून पूर्ण पैसे देऊन आणली, कंपनीशी काही बोलणं झालेलं नाही आणि आवडली म्हणून दाखवली, तर ती जाहिरात नाही. तिथे लेबलची गरज नाही. ‘हे प्रमोशन नाही हं’ असं प्रत्येक वेळी सांगायची सवयही लावून घेऊ नका. ते एकदा सुरू केलं की ज्या रीलमध्ये ते वाक्य विसरलात, ती रील आपोआप संशयास्पद ठरते.

एएससीआय दंड करू शकत नाही. ती तक्रार तपासते आणि पोस्ट बदलायला किंवा काढायला सांगते. पण ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी शिफारस करणाऱ्यालाही 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा झालं तर 50 लाखांपर्यंत. शिवाय पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत आणि पुढच्या वेळी तीन वर्षांपर्यंत कोणत्याही वस्तूची शिफारस करायला बंदी येऊ शकते. आपण केलेल्या दाव्याची खातरजमा केली होती हे दाखवता आलं तर दंडापासून संरक्षण मिळतं. कंपनीकडून आलेले तपशील, मेल आणि तुम्ही स्वतः वस्तू वापरून बघितल्याचे व्हिडिओ म्हणूनच जपून ठेवायचे.

शब्द कोणता वापरायचा

मराठी रीलवर माझी पहिली पसंती एकाच शब्दाला आहे: जाहिरात. वर्तमानपत्र वाचणाऱ्या आजोबांपासून शाळेतल्या मुलांपर्यंत तो सगळ्यांना कळतो आणि त्याचा दुसरा अर्थ निघत नाही. ‘प्रायोजित’ही चालतो, टीव्ही आणि रेडिओमुळे तो कानावरून गेलेला आहे. पण काहींना त्यातून एवढंच वाटतं की कार्यक्रमाला कुणीतरी पैसे लावले. आतलं बोलणंसुद्धा विकत घेतलेलं असू शकतं, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

कोलॅबरेशन आणि पार्टनरशिप हे शब्द एएससीआयच्या मान्य यादीत आहेत, म्हणजे भारतात ते वापरल्याने नियम मोडत नाही. तरी मी ते सुचवत नाही. दोन क्रिएटरांनी मिळून रील केली तरी ‘कोलॅब’च म्हणतात आणि इन्स्टाग्रामवर दोन खात्यांच्या नावाने पोस्ट टाकण्याच्या सोयीलाही तेच नाव आहे. पैशांचा पत्ता त्यातून लागत नाही. ‘सहकार्याने’, ‘सौजन्याने’, ‘मनापासून आभार’ हे तर आणखी धूसर. गणेशोत्सवाच्या मंडपात ‘सौजन्य’ म्हटलं की काय ते सगळ्यांना कळतं, पण रीलच्या कॅप्शनमध्ये ती फक्त सभ्यता वाटते. #sp, #spon, #collab अशी तुटकी रूपं तर लिहिणाऱ्यालाच कळतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने क्रिएटरांसाठीच्या पुस्तिकेत हीच तीन रूपं टाळा असं सांगितलं आहे. न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये बसून मराठी चॅनल चालवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं, कारण भारतात चालून जाणारं ‘कोलॅब’ तिथे पुरेसं धरलं जात नाही.

भाषा कोणती, हाही प्रश्न येतो. एएससीआय इंग्रजी किंवा जाहिरातीची भाषा दोन्हींना परवानगी देते. सरकारी मार्गदर्शिका मात्र म्हणते की शिफारस ज्या भाषेत, त्याच भाषेत खुलासा हवा. मराठीत बोलत असाल तर मराठीतच लिहा, दोन्हीकडचं समाधान होतं.

स्पष्ट शब्दाची किंमतही मोजावी लागते, आणि ती तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. 2017 मध्ये छापून आलेल्या अमेरिकेतल्या एका प्रयोगात एकाच इन्स्टाग्राम पोस्टवर ‘एसपी’, ‘स्पॉन्सर्ड’ आणि ‘पेड ॲड’ अशी तीन वेगळी लेबलं लावून लोकांना दाखवली. ‘पेड ॲड’ असं सरळ लिहिलं तेव्हा ही जाहिरात आहे हे लोकांनी जास्त ओळखलं. ज्यांनी ते ओळखलं आणि लेबल लक्षात ठेवलं, त्यांची पोस्ट पुढे पाठवायची इच्छा कमी झाली. म्हणजे कंपनीच्या माणसाची भीती अगदीच खोटी नाही. विकायला आलंय हे कळलं की माणूस सावध होतो, हा साधा बचाव आहे. आपलं काम तो बचाव चुकवायचं नाही. सावध झालेल्या माणसाला पटेल असं पुढचं वाक्य लिहायचं आहे. त्याकडे येतेच, आधी जागा बघू.

कुठे आणि किती वेळ

कॅप्शनमध्ये लेबल पहिल्या दोन ओळींत हवं, ‘आणखी वाचा’ दाबायच्या आधी. रीलमध्ये बहुतेक फोनवर पहिल्या ओळीचे मोजकेच शब्द दिसतात, म्हणून ‘जाहिरात’ हा कॅप्शनचा पहिलाच शब्द करा. इमोजी नाही, ‘नमस्कार मंडळी’ नाही, काही नाही. बायोमध्ये ‘पेड कोलॅबसाठी मेल करा’ लिहिलं आहे, म्हणून पोस्टवर लेबल नको, असं चालत नाही. ज्या पोस्टमध्ये जाहिरात, त्याच पोस्टमध्ये लेबल.

व्हिडिओवरच्या लेबलला एएससीआयच्या नियमांत वेळेचा हिशोब आहे. 15 सेकंदांपर्यंतचा व्हिडिओ असेल तर किमान 3 सेकंद. 15 सेकंदांहून मोठा पण दोन मिनिटांहून छोटा असेल तर एकूण लांबीच्या एक तृतीयांश वेळ. दोन मिनिटं किंवा जास्त असेल तर ज्या भागात वस्तूबद्दल बोलताय तो संपूर्ण भाग. सांगलीच्या रीलला हे लावलं तर 75 सेकंदांचे 25 सेकंद. मी त्यातही तिला सांगेन की मिक्सर पडद्यावर पहिल्यांदा येतो तिथून शेवटपर्यंत लेबल ठेव. सुरुवातीचे 25 सेकंद लेबल दाखवून ते काढलं आणि मिक्सर तिसाव्या सेकंदाला आला, तर नियम कागदावर पाळला गेला, पण बघणाऱ्याला काही कळलं नाही.

जागेबद्दल फार कुणी बोलत नाही, आणि खरी चूक तिथेच होते. रीलच्या तळाशी ॲपचं कॅप्शन आणि खात्याचं नाव येतं, उजवीकडे लाइक-शेअरची बटणं. एडिटिंग ॲपमध्ये तळाशी सुंदर दिसणारं लेबल पोस्ट झाल्यावर त्यांच्या मागे जातं. अगदी वरची पट्टीही काही फोनवर झाकली जाते. डावीकडे, वरून साधारण पाचव्या हिश्श्यावर लेबल ठेवा. पांढऱ्या ओट्यासमोर पांढरी अक्षरं नकोत, अक्षरांमागे गडद पट्टी द्या. मग रील ड्राफ्टमध्ये ठेवून एखाद्या छोट्या, जुन्या फोनवर बघा. हाताच्या अंतरावर धरून पहिल्या नजरेत वाचता आलं तरच पुढे जा.

स्टोरीत लेबल फोटोवरच लिहायचं. चार स्टोरींची मालिका असेल तर चारही स्टोरींवर, कारण तिसऱ्या स्टोरीपासून बघायला सुरुवात करणारा माणूस पहिली बघत नाही. पॉडकास्टमध्ये सुरुवातीला आणि शेवटी, तसंच मधल्या प्रत्येक ब्रेकच्या आधी आणि नंतर तोंडाने सांगायचं.

इन्स्टाग्राम आणि यूट्यूब दोघांकडे पेड पार्टनरशिप किंवा पेड प्रमोशन दाखवायची स्वतःची सोय आहे. ती चालू करा, पण फक्त तिच्यावर राहू नका. अक्षरं बारीक असतात आणि ॲपची भाषा इंग्रजी असेल तर ती इंग्रजीतच दिसतात. रील आवाज बंद करून बघणाऱ्यांसाठी लिहिलेलं लेबल, आणि ओट्यावर फोन ठेवून पोळ्या लाटता लाटता ऐकणाऱ्यांसाठी बोललेलं एक वाक्य, असं दोन्ही असेल तर कुणी सुटत नाही.

लेबलनंतरचं वाक्य

लेबलने नियम पूर्ण होतो. विश्वास ठरतो तो त्यापुढच्या वाक्यावर, म्हणून नवीन क्रिएटरने सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा.

बहुतेक जण लिहितात: ‘जाहिरात, पण मत माझं स्वतःचं आहे.’ हे वाक्य अगदीच निरुपयोगी नाही. दक्षिण कोरियात ब्लॉगवरच्या परीक्षणांवर झालेल्या आणि 2016 मध्ये छापून आलेल्या अभ्यासात, नुसतं ‘प्रायोजित’ लिहिल्यावर लेखकाची विश्वासार्हता कमी झाली, पण त्यासोबत मत प्रामाणिक आहे असं सांगितल्यावर तसा फटका बसला नाही. पण ते वाक्य पुढे शिक्क्यासारखं वापरलं गेलं. आता कमेंटमध्ये प्रेक्षकच विचारतात, ‘मत तुमचं, मग स्क्रिप्ट कुणाची?’ हा प्रश्न अगदी योग्य आहे. कंपनीने संवाद लिहून दिले असतील, दोनदा बदलून घेतले असतील आणि ‘वास येतो’ हे वाक्य काढायला लावलं असेल, तर ‘मत माझं’ हे खोटं आहे, आणि ते खोटं तुमच्या नावावर आहे.

म्हणून मताबद्दल दावा करण्याऐवजी व्यवहार सांगा. काय मिळालं, कुणाकडून मिळालं, आणि कंपनीला कशात हात घालता आला. ही तीन उत्तरं दोन वाक्यांत बसतात.

सांगलीच्या क्रिएटरने पहिला मसुदा असा लिहिला असता:

‘मैत्रिणींनो, माझा नवा लाडका मिक्सर! अशी चटणी कधीच झाली नव्हती. खूप खूप आभार. मत पूर्णपणे माझं. #chutney #marathirecipe #collab’

तो बदलून असा करायचा:

‘जाहिरात. हा मिक्सर कंपनीने मोफत दिलाय आणि या रीलचे पैसेही दिलेत. वॉरंटी आणि वॉटची माहिती त्यांनी तपासली. काय करून दाखवायचं आणि काय म्हणायचं ते मी ठरवलं.’

कंपनीचं नाव अर्थातच यात येईल. पैशांचा आकडा देणं बंधनकारक नाही आणि मी द्या म्हणणार नाही, तो तुमचा व्यवहार आहे. पण ‘मोफत वस्तू’ आणि ‘पैसे’ ही दोन्ही मिळाली असतील तर दोन्ही सांगा. ‘कंपनीने मिक्सर पाठवला’ एवढंच लिहून 8,000 रुपये गाळणं हे अर्धसत्य आहे.

आता बोललेला भाग. पहिल्या पाच-सात सेकंदांत, चटणीचे शेंगदाणे कढईत असतानाच: ‘आजची रील जाहिरात आहे, मिक्सर कंपनीचा आहे आणि त्यांनी मला या कामाचे पैसे दिलेत. चला, शेंगदाणे भाजून घेऊ.’ आवाज खाली आणायचा नाही, घाईघाईने उरकायचं नाही. पुढची कृती सांगताना जो सूर असतो त्याच सुरात हे म्हणायचं. लाजत सांगितलेली गोष्ट प्रेक्षक लपवलेली समजतात.

प्रेक्षक खरेपणा कशावरून ठरवतात

2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात इन्फ्लुएन्सरांच्या खरेपणाचे दोन धागे सांगितले आहेत. एक म्हणजे हा माणूस आवडीने करतोय की केवळ पैशांसाठी, आणि दुसरा म्हणजे तो वस्तूबद्दल आणि व्यवहाराबद्दल खरी माहिती देतोय की नाही. मला ही विभागणी कामाची वाटते, कारण लेबल फक्त दुसऱ्या धाग्याला मदत करतं. पहिला धागा रीलमध्येच, कामातून दिसावा लागतो. ज्या रील लेबल असूनही लोक सेव्ह करतात, त्यांत क्रिएटरने नेहमीचंच काम केलेलं असतं आणि वस्तू त्या कामात आलेली असते.

सांगलीच्या रीलमध्ये हे कसं दिसेल? कांदा-लसूण मसाला ती दरवर्षी करतेच, तिच्या जुन्या रीलमध्ये तो आहे. म्हणून मिक्सरची गोष्ट तिथे बसते. तीच क्रिएटर उद्या अचानक केसांच्या तेलाची रील करू लागली तर ‘जाहिरात’ लिहूनही लोकांना ते पटणार नाही, कारण तिला केसांतलं काय कळतं हा प्रश्न लेबलने सुटत नाही. आरोग्य, औषध, गुंतवणूक यांत तर शिक्षण किंवा नोंदणी नसताना सल्ला देण्यावर स्वतंत्र नियम आहेत. सुरुवातीला तिकडे जाऊच नका.

दुसरी खूण म्हणजे मर्यादा. वस्तूत काय जमत नाही हे एका वाक्यात, पाहून सांगता येईल असं सांगा. ‘थोडा आवाज होतो’ हे सगळेच म्हणतात, त्याने काही होत नाही. तिने वापरून बघितलं तर कळेल की छोट्या भांड्यात दीड वाटी शेंगदाणे एकदम घातले की खालचे बारीक होतात, वरचे तसेच राहतात, आणि दोन घाण्यांत करावे लागतात. हे तिने दाखवलं, तर ज्या बाईला घरी चटणी करायची आहे तिला उपयोगाची माहिती मिळाली. शिवाय तिला कळलं की क्रिएटरने खरंच चटणी केली आहे. कंपनीलाही याचा तोटा नाही; अपेक्षा नीट ठेवून घेतलेला मिक्सर परत येत नाही.

तिसरी खूण दाव्यांची. ‘कधीच गरम होत नाही’ असं कंपनीने म्हणायला सांगितलं, तर थांबा. मिक्सरच्या माहितीपत्रकात सलग किती वेळ चालवायचा आणि किती वेळ थांबायचं ते छापलेलं असतं, म्हणजे गरम होतो हे कंपनीच मान्य करते. त्याऐवजी तुम्ही बघितलेलं सांगा: मसाल्याचे तीन घाणे, मध्ये थांबून काढले, हात लावता आला. फिल्टर आणि वेग वाढवणं हाही दावाच आहे. दोन मिनिटांचं वाटण कटमध्ये पाच सेकंदांचं झालं तर पडद्यावर ‘वेग वाढवलाय’ लिहा.

चौथी गोष्ट प्रमाणाची. आठवड्यातल्या पाच रीलपैकी चार पेड असतील तर प्रत्येकीवर ठसठशीत लेबल असलं तरी लोक कंटाळतात. किती चालेल याचा ठरलेला आकडा नाही. तुमच्या खात्यावरच्या विनापैसे रील आणि पेड रील यांच्या सेव्ह आणि कमेंट महिनाभर वेगळ्या लिहून ठेवा. पेड रीलमधले लाइक घटले तर काळजी करू नका. पण विनापैसे रीलखालीही ‘कुणाची जाहिरात?’ येऊ लागलं, तर पेड कामं कमी करायची वेळ झाली आहे.

कंपनीशी बोलताना

लेबलचा विषय रील पाठवल्यावर काढू नका. होकार देण्याआधीच लेखी मांडा. फोनवर झालेलं बोलणंही लगेच व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा. सांगलीची क्रिएटर असं लिहू शकते:

‘नमस्कार सर, काम करायला आवडेल. माझ्या बाजूने तीन गोष्टी आधीच सांगते. रीलवर आणि कॅप्शनच्या सुरुवातीला “जाहिरात” असं लिहीन, पेड पार्टनरशिपही लावीन. नियमाप्रमाणे ते तुमच्यासाठीही आवश्यक आहे. रील पोस्ट करण्याआधी तुम्ही वॉट, वॉरंटी, किंमत ही माहिती तपासू शकता. माझं वाक्य बदलायचं असेल तर बोलून ठरवू. मी मिक्सर आठवडाभर वापरून बघीन आणि एखादी मर्यादा आढळली तर ती सांगीन. चालेल का?’

‘तुमच्यासाठीही आवश्यक’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. लेबलची जबाबदारी फक्त क्रिएटरवर नाही, कंपनीही उत्तरदायी आहे. हे समजलं की बरेच मॅनेजर रीचचा मुद्दा सोडून देतात. तरीही कुणी लेबल नकोच म्हणालं तर ते काम सोडा. 8,000 रुपये सोडणं सोपं नसतं, हे मला माहीत आहे. पण तक्रार झाली तर पोस्ट आणि चॅनल तुमच्या नावावर असतं. मॅनेजर तोवर दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो.

तिसऱ्या मुद्द्यावर कंपनी अडली तर मधला रस्ता आहे. मर्यादा सांगण्याचे शब्द आधी दाखवीन, पण मर्यादाच गाळणार नाही, असं ठरवा. आणि शेवटी स्क्रिप्ट त्यांनीच लिहिली, तुम्ही फक्त सादर केली, तर तेही चालतं. मग कॅप्शनमधून ‘काय म्हणायचं ते मी ठरवलं’ हे वाक्य काढा आणि ‘जाहिरात. संवाद कंपनीचे’ असं लिहा. असं लिहिलेली रील मी मान्य करते. त्यात काही खोटं नाही.

पोस्ट केल्यानंतर

पहिल्या दोन तासांत कमेंट बघा. ‘पैसे किती मिळाले?’ याला ‘आकडा नाही सांगणार, पण मिळालेत, म्हणूनच वर जाहिरात लिहिलंय’ एवढं उत्तर पुरतं. ‘तुम्ही पण विकायला लागलात’ अशी कमेंट काढू नका, तिच्याशी वादही नको. शिवीगाळ असेल तरच काढा. ‘माझ्याकडे हाच आहे, सहा महिन्यांत भांडं गळायला लागलं’ अशी कमेंट मात्र सोन्याची आहे. तिला वर पिन करा, कंपनीकडून उत्तर मागवा, मिळालेलं उत्तर तिथेच लिहा. प्रेक्षक तुमचा खरेपणा रीलपेक्षा या उत्तरांवरून जास्त जोखतात.

लेबल लावायचं राहूनच गेलं असेल तर पोस्ट झालेल्या व्हिडिओवर अक्षरं चढवता येत नाहीत. कॅप्शन लगेच एडिट करा, पेड पार्टनरशिप चालू करा आणि स्टोरीत सांगा. फक्त कमेंट पिन करून भागत नाही, ती बहुतेकांना दिसत नाही. रील टाकून काही तासच झाले असतील तर काढून लेबलसह पुन्हा टाकणंच बरं.

करार संपला तरी लेबल राहतं. जुनी रील वर्षभरानेही कुणाच्या तरी फीडमध्ये येते, आणि त्या माणसासाठी ती आजचीच असते. दरम्यान तुम्ही दुसऱ्या कंपनीचा मिक्सर वापरू लागलात तर ओट्यावर तो दिसेलच, आणि लोक विचारतीलच. तोवर पहिला बिघडला असेल, तर जुन्या कॅप्शनमध्ये ‘जाहिरात’ या शब्दाच्या लगेच पुढे एक ओळ घाला: ‘नंतरची नोंद: आठ महिन्यांनी छोट्या भांड्याचं पातं सैल झालं, कंपनीने वॉरंटीत बदलून दिलं.’ बदलून दिलं नसेल तर तसं लिहा. ही ओळ टाकण्याआधी कंपनीला कळवा, पण परवानगी मागू नका. करारात तसं बंधन घातलेलं नाही ना, हे सही करतानाच वाचून घ्या.